विजेची वाट आणि माहितीची वाट : परक्या यंत्राला फोन जोडताना

एस. टी. स्थानकाच्या प्रतीक्षालयातील चार्जिंगची सोय, तालुक्याच्या ठिकाणचे झेरॉक्स केंद्र, भाड्याने घेतलेली मोटार, अथवा प्रशिक्षणवर्गातील शेजाऱ्याचा संगणक, अशा कोणत्या ना कोणत्या परक्या यंत्राला आपला मोबाईल फोन जोडण्याचा प्रसंग आज प्रत्येकावर येतो. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्या बाबतीत या प्रसंगाला एक वेगळी बाजू आहे. ग्रामसेवकाच्या फोनमध्ये घरकुलासाठी अर्ज केलेल्या कुटुंबांच्या आधारपत्रांची आणि बँक पुस्तकांची छायाचित्रे असतात; शिक्षकाच्या फोनमध्ये विद्यार्थ्यांच्या याद्या, त्यांच्या जन्मतारखा व पालकांचे क्रमांक असतात. फोन एकाचा असला तरी त्यातील माहिती अनेकांची असते, आणि ती बाहेर गेली तर त्याचा उपद्रव ज्यांना होतो त्यांना फोन कोठे जोडला गेला होता याची कल्पनाही नसते.

सार्वजनिक चार्जिंगची जागा, अनोळखी संगणक आणि अचानक आलेली ब्लूटूथची विनंती हे तीन प्रसंग वरवर पाहता भिन्न दिसतात. परंतु तिन्ही ठिकाणी विचारावयाचा प्रश्न एकच आहे : समोरचे यंत्र मला केवळ काही देत आहे, की माझ्याकडे काही मागतही आहे? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा फोनच्या पडद्यावर उमटते. ते कसे वाचावे आणि कोणत्या मर्यादेपर्यंत त्यावर विसंबावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एका केबलमधील चार संपर्क

संगणकाच्या किंवा चार्जरच्या खाचेत बसणारे यूएसबीचे नेहमीचे चौकोनी टोक प्रकाशात धरून पाहिले, तर आत चार सोनेरी पट्ट्या दिसतात. कडेच्या दोन पट्ट्या थोड्या लांब असतात व मधल्या दोन आखूड. कडेच्या दोन पट्ट्यांमधून वीज येते. मधल्या दोन पट्ट्यांमधून माहितीची देवाणघेवाण होते. लांब पट्ट्या आधी टेकाव्यात व यंत्राला प्रथम वीज मिळावी, म्हणून ही रचना केलेली आहे. नव्या फोनला लागणाऱ्या सी प्रकारच्या टोकात संपर्कांची संख्या बरीच अधिक असते, पण वीज आणि माहिती या दोन वाटा एकाच केबलमधून जातात हे तत्त्व तेथेही कायम आहे.

यावरून पहिली गोष्ट स्पष्ट होते. भिंतीवरील तीन पिनांच्या खोबणीत आपला स्वतःचा चार्जर लावला, तर फोनपर्यंत केवळ वीज पोहोचते. खोबणीमागे कोणते यंत्र दडवले आहे याची चिंता करण्याचे कारण उरत नाही, कारण माहितीची वाट आपल्या चार्जरपाशीच संपते. याउलट, भिंतीत किंवा टेबलात बसवलेल्या यूएसबीच्या खाचेत केबल घातली की दोन्ही वाटा पलीकडे जातात, आणि पलीकडे काय आहे ते आपल्याला दिसत नाही. म्हणून तीन पिनांची खोबण आणि यूएसबीची खाच शेजारीशेजारी असतील, तर नेहमी खोबणीचीच निवड करावी.

खोबण उपलब्ध नसेल तर दुसरा मार्ग पॉवर बँकेचा. सार्वजनिक खाचेला पॉवर बँक जोडावी आणि फोन नंतर पॉवर बँकेला जोडावा. साध्या पॉवर बँकेत चोरण्यासारखे काही साठवलेले नसते. १०,००० एमएएच क्षमतेची बँक ५,००० एमएएच बॅटरीचा फोन, मध्ये वाया जाणारी वीज जमेस धरून, एकदा पूर्ण आणि वर थोडा भरते. एका दिवसाच्या दौऱ्याला तेवढे पुरते. तिसरा मार्ग म्हणजे फक्त विजेच्या तारा असलेली केबल, किंवा केबलच्या टोकाला लावावयाचा माहिती रोखणारा छोटा जोड. यांत माहितीच्या पट्ट्या जोडलेल्याच नसतात. मात्र जलद चार्जिंगचा वेग ठरवताना फोन आणि चार्जर यांच्यात जी बोलणी होते ती पुष्कळदा याच संपर्कांवरून होत असल्याने, अशा साधनाने फोन सावकाश भरतो. असे साधन विश्वासाच्या दुकानातून घ्यावे. स्थानकावर कोणी विसरून गेलेली केबल वापरणे म्हणजे परक्या खाचेचीच जोखीम घेणे होय, कारण केबलच्या टोकातही लहानसे यंत्र बसवता येते.

धोका कितपत खरा आहे?

या धोक्याची चर्चा प्रथम मोठ्या प्रमाणावर झाली ती २०११ मध्ये. अमेरिकेतील लास व्हेगास येथे भरणाऱ्या डेफ कॉन या संगणक सुरक्षा परिषदेत काही संशोधकांनी मोफत चार्जिंगचा एक चौथरा उभारला. फोन जोडताच चौथऱ्याच्या पडद्यावर सावधगिरीची सूचना झळके. परिषदेला येणारे लोक या विषयातील जाणकार होते. तरीही ३६० हून अधिक जणांनी तेथे आपले फोन जोडले. त्या काळातील अनेक फोन संगणकाला जोडले असता मालकाला काही न विचारता आपली माहिती खुली करीत असत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या प्रयोगाचे महत्त्व कळते.

त्यानंतर फोन बदलले. २०१३ पासून आयफोन नव्या संगणकाला जोडला असता त्यावर विश्वास ठेवायचा काय, असे विचारू लागला. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून फोन आपणहून केवळ वीज घेतो. माहिती द्यावयाची असल्यास मालकाने तसे निवडावे लागते. भारतीय रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये आर्थिक फसवणुकीच्या पद्धतींविषयी जी पुस्तिका प्रसिद्ध केली, तीत सार्वजनिक चार्जिंगमधून होऊ शकणाऱ्या चोरीचा समावेश आहे. दुसरीकडे, हाच इशारा देणाऱ्या अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने अशी चोरी प्रत्यक्ष घडल्याचे खात्रीलायक उदाहरण आपल्या माहितीत नसल्याचेही नमूद केले आहे. तेव्हा प्रत्येक स्थानकावर चोर दबा धरून बसला आहे असे मानण्याचे कारण नाही. धोका तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, आणि तो टाळण्यास लागणारा खर्च म्हणजे स्वतःचा चार्जर पिशवीत ठेवणे एवढाच आहे.

येथे एक सोपी कसोटी लक्षात ठेवावी. वीज घेण्यासाठी फोनला मालकाची परवानगी लागत नाही. चार्जर जोडला की बॅटरीचे चिन्ह दिसते आणि विषय संपतो. चार्जिंगच्या जागी फोन जोडल्यावर पडद्यावर "Trust This Computer?" किंवा "Allow access to phone data?" असा प्रश्न उमटला, तर पलीकडे चार्जरखेरीज आणखी काही आहे असे समजावे. "Don't Trust" किंवा "Deny" हे उत्तर द्यावे, केबल काढावी आणि ती जागा सोडावी. असा प्रश्न कधी कधी निरुपद्रवी कारणानेही येतो. उदाहरणार्थ, मोटारीतील पडद्याला फोन जोडला असता तो गाणी व नकाशे दाखवण्यासाठी परवानगी मागतो. पण कारण ठाऊक नसताना होकार देऊ नये.

प्रश्नाचे उत्तर यंत्रानेच दिले तर?

ही कसोटी चांगली असली तरी तिला मर्यादा आहे, हे २०२५ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राट्स तंत्र विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले. फोनने विचारलेल्या प्रश्नाला मालकाऐवजी चार्जरनेच होकार दिला तर काय होईल, असा विचार त्यांनी केला. त्यांनी तयार केलेल्या एका युक्तीचे टप्पे समजून घेण्यासारखे आहेत, कारण त्यांत चार्जिंग, संगणक आणि ब्लूटूथ हे तिन्ही विषय एकत्र येतात.

पहिल्या टप्प्यात चार्जर आपण कळफलक असल्याची बतावणी करतो. कळफलक जोडला असता फोन परवानगी विचारीत नाही, कारण कळफलक माहिती घेत नाही, फक्त अक्षरे देतो. या बनावट कळफलकाने कळा दाबून चार्जर फोनचे ब्लूटूथ सुरू करतो आणि स्वतःमध्ये दडवलेला दुसरा, ब्लूटूथचा कळफलक फोनशी जोडून घेतो. जोडणीची विनंती आली की पहिला कळफलक तिला होकार देतो. दुसऱ्या टप्प्यात चार्जर केबलवरील आपली भूमिका बदलतो व संगणक बनून फोनकडे माहिती मागतो. फोन नियमाप्रमाणे मालकाला प्रश्न विचारतो. तिसऱ्या टप्प्यात ब्लूटूथचा कळफलक त्या प्रश्नावर होकाराची कळ दाबतो. मालकाचा फोनला हातही लागलेला नसतो. संशोधकांनी आठ कंपन्यांचे फोन तपासले आणि त्या सर्वांतून त्यांना खाजगी फाईल मिळवता आल्या.

या दोषाची सूचना संशोधकांनी कंपन्यांना आधीच दिली होती. ॲपलने आयओएस १८.४ मध्ये आणि गूगलने अँड्रॉइडच्या पंधराव्या आवृत्तीत अशी दुरुस्ती केली, की माहिती देण्यापूर्वी केवळ होकार पुरत नाही, मालकाचे बोट, चेहरा किंवा सांकेतिक अंक लागतात. कळफलक कळ दाबू शकतो, पण त्याला आपला सांकेतिक अंक ठाऊक नसतो. तथापि अँड्रॉइडचे फोन अनेक कंपन्या बनवतात व प्रत्येक कंपनी अशा सुधारणा आपल्या गतीने आणि आपल्या पद्धतीने स्वीकारते; तेव्हा आपल्या फोनवर ही दुरुस्ती असेलच, असे गृहीत धरू नये.

यातून दोन सवयी निष्पन्न होतात. एक, परक्या खाचेला फोन जोडण्यापूर्वी तो लॉक करावा आणि केबल काढेपर्यंत लॉकच ठेवावा. लॉक केलेल्या फोनवर बनावट कळफलकाला फारसे काही करता येत नाही. मात्र हा नियमही सर्व फोनांना पूर्णपणे लागू पडत नाही. तपासलेल्या कंपन्यांपैकी दोहोंच्या फोनांतून लॉक असतानाही फाईल काढता आल्या. काम नसेल तर फोन बंद करून चार्ज करणे अधिक चांगले. दुसरी, फोन चार्ज होत असताना पडदा आपोआप हलू लागला, कोणी न उघडता ब्लूटूथचे पान उघडले किंवा आपण न लिहिलेली अक्षरे उमटली, तर कारण शोधत न बसता प्रथम केबल उपसावी. केबल निघाल्यावर मग ब्लूटूथच्या यादीत नवे नाव आले आहे काय, ते पाहावे.

झेरॉक्स केंद्रातील संगणक : एक उदाहरण

चार्जिंगच्या जागेपेक्षा अनोळखी संगणकाचा प्रसंग अधिक वेळा येतो, आणि तेथे होकार आपण स्वतःच देत असतो. एक काल्पनिक, पण रोजच्या व्यवहारातील उदाहरण घेऊ. एका ग्रामपंचायतीच्या सदस्यांना पाणीपुरवठा विहिरीच्या कामाची चार छायाचित्रे पंचायत समितीत सादर करावयाची आहेत. समितीसमोरील केंद्रात ते फोन घेऊन जातात. केंद्रचालक फोनला केबल लावतो आणि म्हणतो, "दादा, फोन अनलॉक करा आणि फाईल ट्रान्सफर करून द्या." सदस्य पडद्यावरील सूचना उघडून "File transfer" ही निवड करतात.

या एका निवडीने काय घडते? संगणकावर फोनचा सामायिक साठा एखाद्या उघड्या कपाटासारखा दिसू लागतो. छायाचित्रांचा "DCIM" हा कप्पा, उतरवून घेतलेल्या कागदपत्रांचा "Download" हा कप्पा, आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या चित्रांचे व कागदांचे कप्पे हे सर्व त्यात असते. लाभार्थींनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली आधारपत्रे, घरच्या मंडळींची छायाचित्रे, वैद्यकीय अहवाल या गोष्टी चार विहिरींच्या चित्रांबरोबरच उघड्या पडतात. प्रत्येकी तीन एमबीची २०० चित्रे म्हणजे ६०० एमबी. एवढा साठा उचलून नेण्यास संगणकाला एक-दोन मिनिटे पुरतात. केंद्रचालकाचा हेतू वाईट असेलच असे नाही. घाईत तो सगळा कप्पाच आपल्या संगणकावर ओढतो, चार चित्रे छापतो आणि उरलेली तशीच राहतात. त्यानंतर त्या संगणकावर बसणाऱ्या प्रत्येकाला ती उपलब्ध असतात. शिवाय हा मार्ग दुहेरी आहे : संगणकाला फोनमधील फाईल पुसता येतात व नव्या फाईल आत ठेवता येतात.

काय उघडे पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. या मार्गाने बँकेच्या ॲपमधील अंतर्गत माहिती, सांकेतिक शब्द किंवा आलेले एसएमएस संगणकाला दिसत नाहीत. त्यासाठी फोनवर "USB debugging" ही विकसकांसाठीची सोय चालू असावी लागते. ती नेहमी बंद असते आणि सामान्य माणसाला तिची गरज पडत नाही. एखादा दुरुस्ती करणारा किंवा केंद्रचालक ती चालू करावयास सांगू लागला आणि पडद्यावर "Allow USB debugging?" असा प्रश्न आला, तर निश्चितपणे नकार द्यावा. या परवानगीने संगणकाला फोनवर नवी ॲप बसवता येतात आणि पडद्याची चित्रे घेता येतात. त्याच प्रश्नाखाली "Always allow from this computer" असा एक चौकोन असतो. त्यात खूण केली तर तो संगणक पुढच्या वेळी विचारणारही नाही.

आयफोनच्या बाबतीत "Trust" या शब्दाचा अर्थ अधिक व्यापक आहे. विश्वास दिलेला संगणक छायाचित्रे, चित्रफिती व संपर्क पाहू शकतो, फोनची प्रत तयार करू शकतो, आणि हा विश्वास केबल काढल्यावर संपत नाही. मालकाने तो काढून घेईपर्यंत तो कायम असतो. म्हणून आपल्या घरच्या किंवा कार्यालयातील ठरलेल्या संगणकाखेरीज कोठेही हा होकार देऊ नये.

वरील उदाहरणातील सदस्यांनी काय करावयास हवे होते? सर्वांत सोयीचा उपाय म्हणजे फोनला थेट जोडता येणारा रिकामा पेन ड्राइव्ह. आपल्याच फोनवर चार चित्रे निवडून ती पेन ड्राइव्हवर घ्यावीत व केंद्रचालकाच्या हाती फोनऐवजी पेन ड्राइव्ह द्यावा. परत आल्यावर तो कार्यालयाच्या संगणकाला तसाच लावू नये, कारण केंद्रातील संगणकात विषाणू असल्यास तो पेन ड्राइव्हवरून प्रवास करतो. आधी आपल्या फोनवरच तो पूर्ण पुसून घ्यावा. पेन ड्राइव्ह नसेल तर नेमकी चार चित्रे केंद्राच्या ईमेल पत्त्यावर पाठवावीत. आणि केबल जोडणे अटळच असेल, तर अँड्रॉइड फोनवर "File transfer" ऐवजी "PTP" ही निवड करावी. तिने सर्वसाधारणपणे छायाचित्रांचे कप्पे दिसतात, उतरवलेल्या कागदपत्रांचे नाहीत. परंतु छायाचित्रे मात्र सगळीच दिसतात. त्यामुळे काम होईपर्यंत स्वतः पडद्यासमोर उभे राहावे, कोणती चित्रे उचलली जातात ते पाहावे आणि काम संपताच केबल स्वतः काढावी.

ब्लूटूथची अनाहूत विनंती

ब्लूटूथमध्ये केबल नसते, म्हणून जोडणी कोणाशी होत आहे हे डोळ्यांनी दिसत नाही. फोनचे ब्लूटूथ साधारणतः दहा मीटरपर्यंत पोहोचते. म्हणजे भरलेल्या एस. टी. बसमधील कोणीही विनंती पाठवू शकतो. पुष्कळदा तिचे कारण साधे असते. फोनला कंपनीने दिलेले नाव हेच त्याचे ब्लूटूथवरील नाव राहते, आणि एका बसमध्ये एकाच प्रकारचे तीन फोन असले तर आपल्या मित्राऐवजी दुसऱ्याचे नाव दाबले जाते. पण कारण साधे असो वा नसो, उत्तर एकच : जोडणीची सुरुवात आपण केली नसेल, तर "Cancel" दाबावे.

विनंतीबरोबर पडद्यावर अनेकदा सहा आकडी संख्या दिसते व ती जुळते काय असे विचारले जाते. या संख्येचा उपयोग नीट समजून घ्यावा. आपल्या हातात दोन यंत्रे असतील, उदाहरणार्थ आपला फोन आणि आपलाच संगणक, तर दोहोंच्या पडद्यांवरील संख्या ताडून पाहिल्याने मध्ये तिसरे कोणी नाही याची खात्री होते. अनोळखी विनंतीच्या वेळी दुसरा पडदा आपल्यासमोर नसतोच. तेव्हा ताडून काय पाहणार? संख्या दिसते म्हणून विनंती अधिकृत आहे, असा समज करून घेऊ नये.

काही वेळा एकामागून एक विनंत्या किंवा कानातील श्रवणयंत्रे जोडण्याची चित्रे पडद्यावर येऊ लागतात. २०२३ पासून बाजारात मिळणाऱ्या छोट्या यंत्रांनी असा उपद्रव देण्याचे प्रकार झाले आहेत. त्यांचा धोका असा, की माणूस कंटाळून होकाराचे बटण दाबतो. अशा वेळी ब्लूटूथ काही काळ बंद करावे. आयफोनवर वरून किंवा खालून ओढलेल्या झटपट पानातील चिन्ह दाबल्याने चालू जोडण्या केवळ तात्पुरत्या तुटतात. ब्लूटूथ पूर्ण बंद करण्यासाठी "Settings" मध्ये जावे लागते.

नकार देणे पुरेसे ठरत नाही असाही एक प्रकार उघड झाला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दोषामुळे, ब्लूटूथ चालू असलेल्या अँड्रॉइड फोनला जवळचे यंत्र मालकाच्या होकाराविना कळफलक म्हणून जोडले जाऊ शकत होते. अँड्रॉइड ११ ते १४ या आवृत्त्यांसाठी दुरुस्ती निघाली. १० व त्याआधीच्या आवृत्त्यांसाठी ती निघाली नाही. आपल्या फोनच्या "Settings" मध्ये सुरक्षा सुधारणेची तारीख दिलेली असते. ती ५ डिसेंबर २०२३ किंवा त्यानंतरची असेल तर हा दोष बुजलेला आहे. फोन त्याहून जुना असेल, आणि गावोगावी असे फोन अजून पुष्कळ आहेत, तर ब्लूटूथ कायम चालू ठेवण्याची सवय सोडावी. कामापुरते चालू करावे व काम होताच बंद करावे.

भाड्याच्या मोटारीचा प्रसंग याहून साधा, पण दुर्लक्षित आहे. गाणी ऐकण्यासाठी फोन मोटारीशी जोडताना फोन संपर्कयादी व कॉलचा इतिहास देण्याची परवानगीही विचारतो. गाण्यासाठी ती लागत नाही. त्यास नकार द्यावा. परवानगी दिलेली असल्यास प्रवास संपल्यावर फोनवरील जोडणी "Forget" करणे पुरेसे नाही, कारण यादीची प्रत मोटारीच्या यंत्रात राहू शकते. मोटारीच्या पडद्यावरील यादीतूनही आपला फोन काढून टाकावा.

जोडणी होऊन गेली असल्यास

चुकून होकार दिला गेला असेल तर गोंधळून न जाता क्रमाने पुढील गोष्टी कराव्यात. प्रथम केबल काढावी व ब्लूटूथ बंद करावे. मग ब्लूटूथच्या यादीतील अनोळखी नावे काढावीत. संगणकाला दिलेला विश्वास आयफोनवर "Settings", "General", "Transfer or Reset iPhone", "Reset", "Reset Location & Privacy" या मार्गाने परत घेता येतो. अँड्रॉइडवर विकसकांची सोय चालू केली गेली असेल, तर "Developer options" मध्ये "Revoke USB debugging authorizations" दाबून ती सोय बंद करावी. त्यानंतर ॲपची यादी उघडून आपण न बसवलेले काही आले आहे काय ते पाहावे. ज्याच्या नावाचा शेवट .apk असा होतो ती फाईल छायाचित्र किंवा निमंत्रणपत्रिका नसून ॲप असते; ती न उघडता पुसावी.

या उपायांनी पुढची गळती थांबते. जी माहिती बाहेर गेली ती परत येत नाही. म्हणून लाभार्थींची कागदपत्रे उघड झाल्याची शंका असल्यास वरिष्ठांना त्याच दिवशी कळवावे व संबंधित कुटुंबांना सावध करावे, म्हणजे त्यांच्या नावे येणाऱ्या संशयास्पद दूरध्वनींना ते बळी पडणार नाहीत. खात्यातून रक्कम गेली असल्यास १९३० या क्रमांकावर त्वरित दूरध्वनी करावा, तक्रार cybercrime.gov.in या संकेतस्थळावरही नोंदवता येते. रक्कम पुढच्या खात्यांत वळण्यापूर्वी ती रोखली जाण्याची शक्यता अधिक असते, म्हणून येथे वेळेला महत्त्व आहे.

सोय करून देणाऱ्यांसाठी

आतापर्यंतचा विचार फोनधारकाच्या बाजूने झाला. परंतु या मासिकाचे अनेक वाचक स्वतः अशी सोय उभारणारे आहेत. ग्रामपंचायत कार्यालयात, शाळेत किंवा वाचनालयात चार्जिंगची जागा करावयाची असेल, तर यूएसबीच्या खाचा असलेला फलक न बसवता तीन पिनांच्या खोबणी बसवाव्यात. त्या स्वस्त असतात, कोणताही वायरमन दुरुस्त करू शकतो, आणि फोन आणणाऱ्याची माहिती त्याच्या चार्जरच्या पुढे जात नाही. अभ्यागतांनी "थोडी बॅटरी भरू द्या" म्हणून कार्यालयाच्या संगणकाला फोन लावण्याची प्रथा बंद करावी. तीत अभ्यागताचा फोन आणि कार्यालयाची नोंद या दोहोंना धोका असतो. त्यांना खोबण दाखवावी.

त्याचप्रमाणे छायाचित्रे मागवणाऱ्या कार्यालयांनी ती छापील स्वरूपातच आणा असा आग्रह न धरता ईमेलने किंवा योजनेच्या अधिकृत ॲपमधून स्वीकारली, तर सदस्यांना झेरॉक्स केंद्रातील संगणकाला फोन जोडण्याची वेळच येणार नाही. ग्रामसभेत किंवा शिक्षकांच्या केंद्र संमेलनात हा विषय मांडावयाचा असल्यास दोन गोष्टी प्रत्यक्ष दाखवाव्यात. यूएसबीचे टोक हाती देऊन त्यातील चार पट्ट्या दाखवाव्यात. नंतर एक फोन एकदा चार्जरला व एकदा संगणकाला जोडावा आणि पडद्यावर उमटणाऱ्या सूचनेतील फरक सर्वांना वाचावयास द्यावा. चार्जर काही विचारीत नाही, संगणक विचारतो, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याला परक्या ठिकाणी कोणत्या प्रश्नाला नकार द्यावयाचा ते निराळे सांगावे लागत नाही.